ऑटो कॅप्शनच्या स्क्रीनशॉटवरून वाचता येईल असा संवाद कसा लिहायचा

कोणीतरी तुम्हाला व्हिडिओच्या ऑटो कॅप्शनचा स्क्रीनशॉट पाठवतं आणि म्हणतं की हे जरा नीट लिहून दे. उघडून बघितलं तर ना पूर्णविराम, ना प्रश्नचिन्ह, ओळ कुठेही तुटलेली, आणि दोन माणसं बोलतायत पण कोण कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं त्याचा पत्ताच नाही. नवीन माणूस काय करतो, वरून सुरुवात करतो आणि जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे पूर्णविराम देत खाली येतो. ते वाचायला बरं दिसतं पण अर्थ कुठेतरी उलटा झालेला असतो. माझं म्हणणं असं आहे की आधी माणसं वेगळी करायची आणि विरामचिन्हं नंतर, कारण एखादा शब्द कोणाच्या तोंडचा आहे हे ठरल्याशिवाय तिथे कोणतं चिन्ह लागेल ते कळतच नाही. खाली एक नमुना घेऊन तो पूर्ण सोडवून दाखवते. नमुना मी या लेखासाठी तयार केलाय, पण असा मजकूर तुम्हाला नेहमी भेटेल.

आधी स्क्रीनशॉट शब्दांत आणा

पहिलं काम चित्रातले शब्द टाइप केलेल्या मजकुरात आणायचं. मजकूर छोटा असेल तर हाताने टाइप करा, खरं तर तेच बरं, कारण टाइप करताना प्रत्येक शब्द डोळ्याखालून जातो. मोठा असेल तर फोनमधलं चित्रातून मजकूर कॉपी करायचं फीचर वापरा, गूगल लेन्स वगैरे, पण त्यातून आलेलं देवनागरी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. अनुस्वार गळतात, म्हणजे 'वाटतं' चं 'वाटत' होतं, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते, रफार उडतो. अनुस्वार गेला की मराठीत बऱ्याचदा शब्द तसाही बरोबरच दिसतो, स्पेलचेक काही बोलत नाही, म्हणून ही चूक डोळ्यांनीच पकडावी लागते.

स्क्रीनशॉट कसला आहे हेही बघा. व्हिडिओच्या बाजूला किंवा खाली उघडणाऱ्या ट्रान्सक्रिप्टचा असेल तर वेळेसकट ओळी मिळतात आणि ती वेळ फार कामाची आहे, ते पुढे येईलच. व्हिडिओवर सरकणाऱ्या कॅप्शनचे पाच-सहा स्क्रीनशॉट असतील तर लक्षात ठेवा की तिथे साधारण दोन ओळी दिसतात, खालची ओळ वर सरकते आणि नवीन खाली येते, त्यामुळे एका चित्रातली खालची ओळ पुढच्या चित्रात वरची म्हणून परत दिसते. ती दोनदा लिहायची नाही. पण माणूस स्वतःच एखादा शब्द दोनदा बोलला असेल तर तो उडवायचाही नाही. फरक असा ओळखायचा की अख्खी ओळ जशीच्या तशी दोन लागोपाठच्या चित्रांत असेल तर ते सरकणं आहे, आणि एकाच ओळीच्या आत 'हळू हळू' आलं तर ते बोलणं आहे.

मजकूर उतरवून झाला की त्याची एक प्रत तशीच बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. शेवटी तुमचं लिखाण तिच्याशीच ताडून बघायचंय.

हा आपला नमुना. पोहायला शिकवणारा एक प्रशिक्षक आणि त्याची मुलाखत घेणारी बाई, एवढंच आपल्याला माहीत आहे.

```
४:१२ तर पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्याला सगळ्यात
४:१५ जास्त भीती कशाची वाटते श्वासाची
४:२१ म्हणजे लोकांना वाटतं बुडायची भीती असेल
४:२४ पण खरं तर तोंड पाण्यात गेल्यावर विश्वास
४:२७ रोखून धरतात तीच अडचण हो का मला वाटलं
४:३१ रोखायचाच असतो नाही सोडायचा असतो पाण्यात
४:३४ नाकातून हळूहळू सोडायचा आणि तोंड बाहेर आलं
४:३७ की घ्यायचा मी सुद्धा हेच चुकीचं करते
४:४१ सगळेच करतात मी शिकवतो तेव्हा पहिले दोन
४:४४ दिवस फक्त हेच [संगीत] करून घेतो हात पाय
४:४८ नंतर आणि किती वेळ लागतो साधारण माणसागणिक
४:५१ वेगळं आहे पण घाई करू नये बरोबर
```

ओळींचा मोह सोडा

आता हे सगळं एका सलग ओळीत जोडा, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटचा एंटर काढून तिथे एक स्पेस द्या. पण वेळा अजून काढू नका, कंसात राहू द्या. ऑटो कॅप्शनची ओळ वाक्य संपलं म्हणून तुटत नाही, तेवढे शब्द बसले किंवा तेवढा वेळ झाला म्हणून तुटते. 'सगळ्यात' एका ओळीत आणि 'जास्त' दुसऱ्या ओळीत, हे बघितलंत ना. तरीपण डोळा फसतो, ओळ संपली की मन म्हणतं वाक्य संपलं, आणि ओळीच्या सुरुवातीला आलेला शब्द नव्या माणसाचा वाटायला लागतो. ओळी जोडल्या की हा भास जातो.

जोडून झालं की चिन्हं न देता सगळं दोनदा वाचा, एकदा मनात, एकदा मोठ्याने. आपल्याकडे आवाज नाहीये त्यामुळे पुढे काय बोललं गेलंय हाच मागच्या ओळीचा पुरावा असतो, आणि खालचं वाचल्याशिवाय वरचं ठरवलं की चुकतंच.

माणसं वेगळी करणं

इथे जास्त वेळ द्यायचा. पेन्सिलने किंवा स्क्रीनवर, जिथे बोलणारा बदलला असं वाटेल तिथे फक्त एक उभी रेघ मारा. नाव नाही, चिन्ह नाही, फक्त रेघ. काही कॅप्शनमध्ये `>>` अशी खूण आलेली असते, ती टीव्हीच्या सबटायटलमधली जुनी रीत आहे आणि तिचा अर्थ नवीन बोलणारा असा, ती असेल तर रेघ फुकटात मिळते. तरी तपासा, कारण मशीनने दिलेली खूण एखाद-दुसरा शब्द पुढेमागे पडू शकते. आपल्या नमुन्यात खूण नाहीये, म्हणून सगळं भाषेतून काढायचंय.

मराठीत एक मोठी सोय आहे. आपलं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं. 'मी सुद्धा हेच चुकीचं करते' म्हणणारी बाई आहे आणि 'मी शिकवतो तेव्हा' म्हणणारा पुरुष, म्हणजे या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी रेघ हवीच. मध्ये 'सगळेच करतात' आहे, ते कोणाचं? 'मी चुकीचं करते' यावर धीर देणारं उत्तर म्हणून ते प्रशिक्षकाचंच बसतं, त्यामुळे रेघ 'करते' च्या नंतर.

पण हे क्रियापद सगळीकडे चालत नाही, हे पहिल्यापासून माहीत असलेलं बरं. 'मी करतो, करते', 'मी गेलो, गेले', 'मी शिकलो, शिकले', 'मी होतो, होते' इथे कळतं. 'मी केलं', 'मी पाहिला', 'मी लिहिली' इथे अजिबात कळत नाही, कारण तिथे क्रियापद कर्मामागे जातं, 'मी वही लिहिली' असं बाई पण म्हणते आणि बुवा पण. 'मला वाटलं' मध्ये कळत नाही, 'मी करेन' मध्ये कळत नाही, 'आम्ही गेलो' मध्ये कळत नाही. शिवाय काही बोलींमध्ये बायकाही 'मी जातो' असंच म्हणतात, त्यामुळे माणूस कुठल्या बोलीतला आहे याचा अंदाज आल्याशिवाय फक्त एका 'तो' वर सगळा डोलारा उभा करू नका. आणि शेवटी हे मशीनने ऐकलेलं आहे, घाईत बोललेलं 'करते' त्याला 'करतो' असं ऐकू येऊ शकतं. दोन ठिकाणी तोच पुरावा मिळाला तर धरा. दोघंही पुरुष किंवा दोघीही बायका असतील तर ही सोय संपलीच, मग खालच्या खुणांवरच भागवायचं.

दुसरी खूण म्हणजे प्रश्न आणि उत्तर. 'भीती कशाची वाटते' हा प्रश्न, 'श्वासाची' हे त्याचं उत्तर, आणि उत्तर त्याच विभक्तीत आलंय, कशाची तर श्वासाची. मराठीत हे फार नियमाने होतं, 'कोणाला' विचारलं तर 'मुलांना' येतं, 'कुठून' विचारलं तर 'घरून' येतं. अशी जोडी दिसली की मधे रेघ मारायला हरकत नाही. तसंच 'हो का', 'बरं', 'अच्छा', 'अरे वा' हे शब्द सहसा ऐकणाऱ्याचे असतात, बोलणारा स्वतःच्याच वाक्यावर 'हो का' म्हणत नाही. कोणी कोणाला कसं हाक मारतंय तेही बघा, एकाच संवादात 'तुम्ही सांगा' आणि 'तू विचारलंस' असं दोन्ही असेल तर दोन माणसं आपोआप सुटी होतात.

तिसरी खूण वेळेत आहे आणि तिच्याकडे कोणीच बघत नाही. वेळ ही ओळ सुरू झाल्याची असते. आपल्याकडे बहुतेक ओळी ३ किंवा ४ सेकंदांच्या आहेत, पण ४:१५ ची ओळ बघा, पाच शब्द आणि पुढची ओळ ४:२१ ला, म्हणजे ६ सेकंद. हे पाच शब्द एवढा वेळ खात नाहीत, म्हणजे त्या ओळीत कुठेतरी कोणीतरी थांबलं. प्रश्न संपल्यावर उत्तर देणारा विचार करायला थांबला, हे इथे अगदी बसतं. मात्र वेळ फक्त थांबल्याचं सांगते, माणूस बदलल्याचं नाही, एकटा माणूसही विचार करत थांबतो. भाषेतून आलेला अंदाज पक्का करायला ती वापरा, नवीन रेघ निव्वळ वेळेवरून मारू नका. आणि उलटंही, भराभर बोलणाऱ्यांमध्ये थांबणं नसतंच, ४:४८ च्या ओळीत 'नंतर' एकाचं, मग प्रश्न दुसऱ्याचा आणि 'माणसागणिक' परत पहिल्याचं, तीन सेकंदांत दोन बदल झालेत.

एक 'नाही' आणि त्याची तीन वाचनं

आता नमुन्यातली सगळ्यात अवघड जागा, ४:३१ ची. 'रोखायचाच असतो नाही सोडायचा असतो'. हे तीन प्रकारे वाचता येतं.

पहिलं, बाई म्हणते 'मला वाटलं, रोखायचाच असतो.' आणि प्रशिक्षक म्हणतो 'नाही, सोडायचा असतो.' दुसरं, बाईच विचारते 'रोखायचाच असतो, नाही?' आणि प्रशिक्षक सरळ म्हणतो 'सोडायचा असतो.' तिसरं, कोणीतरी म्हणतंय 'नाही सोडायचा असतो', म्हणजे श्वास सोडायचाच नाही.

तिसरं वाचन घाईत सहज होतं आणि ते धोक्याचं आहे, कारण वाचणारा पाण्यात जाऊन श्वास धरून बसेल. ते खोडायचं कसं? पुढे वाचून. लगेच पुढे 'नाकातून हळूहळू सोडायचा' आहे, आणि मागे 'रोखून धरतात तीच अडचण' आहे, दोन्हीकडून प्रशिक्षक सोडा असंच सांगतोय. मग उरली पहिली दोन. त्यांच्यात 'नाही' कोणाचं एवढाच फरक आहे, सल्ला दोन्हीत एकच. आवाज ऐकला तर सुरावरून एका क्षणात कळेल, पण कागदावरून कळणार नाही. मी पहिलं वाचन घेईन, कारण समोरच्याचा समज दुरुस्त करताना माणूस 'नाही' ने सुरुवात करतो आणि 'मला वाटलं' म्हणणारी आधीच शंका बोलून गेलीय, तिला वर परत 'नाही?' ची गरज नाही. पण हा माझा अंदाज आहे हे कुठेतरी नोंदवून ठेवते, ते शेवटी सांगते.

तुमच्याकडेही 'नाही', 'का', 'ना', 'बरोबर' आणि 'हो' या शब्दांपाशी थांबाच. हे शब्द वाक्याच्या शेवटी प्रश्न होतात आणि सुरुवातीला उत्तर होतात, आणि कॅप्शनमध्ये शेवट आणि सुरुवात चिकटलेली असते.

चुकीचे ऐकलेले शब्द

४:२४ ला 'तोंड पाण्यात गेल्यावर विश्वास रोखून धरतात' असं आलंय. विश्वास रोखत नाहीत, श्वास रोखतात, वर 'श्वासाची' असा शब्द येऊनही गेलाय, म्हणून इथे सरळ 'श्वास' लिहा. माझा नियम असा की दोन अटी पूर्ण झाल्या तरच शब्द बदलायचा, एक, नवीन शब्द कानाला जुन्यासारखाच लागला पाहिजे, आणि दोन, संदर्भातून दुसरा कुठलाच शब्द बसत नसला पाहिजे. एकच अट पूर्ण होत असेल तर शब्द तसाच ठेवा आणि पुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका. नावं आणि आकडे तर कधीच अंदाजाने दुरुस्त करू नका. 'पहिले दोन दिवस' हे 'पहिले दोन तास' असेल का असा विचार मनात आला तरी 'दिवस' च ठेवा, कारण आकडा आणि त्याचं माप वाचणारा तसंच्या तसं उचलतो.

'[संगीत]' हे मशीनने आवाजाला दिलेलं लेबल आहे. वाक्याच्या मधेच आलंय म्हणजे बहुतेक मागे पाण्याचा किंवा कसला तरी आवाज असणार, ते काढून टाका. पण त्या जागी एखादा शब्द गिळला गेला असू शकतो, म्हणून लेबल काढल्यावर वाक्य पूर्ण होतंय का ते वाचून बघा. 'फक्त हेच करून घेतो' पूर्ण आहे. होत नसतं तर तिथे [अस्पष्ट] लिहिलं असतं.

आता चिन्हं आणि परिच्छेद

रेघा बसल्या की चिन्हं देणं सोपं जातं. प्रत्येक माणसाचं बोलणं नव्या ओळीवर, आधी त्याचं लेबल, मग अपूर्णविराम. नाव खात्रीने माहीत असेल तर नाव, नसेल तर काम, म्हणजे निवेदिका, प्रशिक्षक, आणि तेही नसेल तर वक्ता १, वक्ता २. कॅप्शनमध्ये आलेलं नाव लेबलला वापरू नका, नावं मशीन सगळ्यात जास्त चुकवतं. खाली वाचायला सोपं जावं म्हणून मी वेळा काढून दाखवल्यात, तुम्ही मात्र त्या अजून ठेवा.

```
निवेदिका: तर पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्याला सगळ्यात
जास्त भीती कशाची वाटते?

प्रशिक्षक: श्वासाची. म्हणजे लोकांना वाटतं, बुडायची
भीती असेल. पण खरं तर तोंड पाण्यात गेल्यावर श्वास
रोखून धरतात, तीच अडचण.

निवेदिका: हो का? मला वाटलं, रोखायचाच असतो.

प्रशिक्षक: नाही, सोडायचा असतो. पाण्यात नाकातून
हळूहळू सोडायचा आणि तोंड बाहेर आलं की घ्यायचा.

निवेदिका: मीसुद्धा हेच चुकीचं करते.

प्रशिक्षक: सगळेच करतात. मी शिकवतो तेव्हा पहिले दोन
दिवस फक्त हेच करून घेतो, हात-पाय नंतर.

निवेदिका: आणि किती वेळ लागतो साधारण?

प्रशिक्षक: माणसागणिक वेगळं आहे, पण घाई करू नये.

[कोण?]: बरोबर.
```

'साधारण' मी प्रश्नाला जोडलं. ते उत्तरालाही लागू शकलं असतं, 'साधारण माणसागणिक वेगळं आहे', पण बोलताना आपण प्रश्नाच्या शेवटी 'साधारण' जोडतोच, 'किती वेळ लागतो साधारण', म्हणून तिकडे. शेवटचं 'बरोबर' मात्र मी कोणालाच दिलं नाही. निवेदिकेने दाद दिली असेल, किंवा प्रशिक्षकानेच 'बरोबर?' असं विचारलं असेल, आणि स्क्रीनशॉट तिथेच कापलाय त्यामुळे पुढचं वाक्य मदतीला नाही. अशी जागा मोकळी दाखवणंच प्रामाणिकपणाचं आहे, संवाद गुळगुळीत दिसावा म्हणून कोणाच्या तरी गळ्यात मारू नका.

बोलीतले शब्द तसेच ठेवा, 'वाटतं' चं 'वाटते' करू नका, माणूस तसं बोलला नाही. 'म्हणजे', 'तर' असे शब्द इथे कमी आहेत म्हणून ठेवलेत, दर वाक्याला येत असतील तर काही गाळता येतात, पण सुरुवातीलाच ठरवा की गाळणार का नाही आणि मग सगळीकडे तेच करा. एकच माणूस बराच वेळ बोलत असेल तर विषय वळतो तिथे नवा परिच्छेद करा, पण लेबल परत लावू नका, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं मधे दुसरं कोणी बोललं. आणि लांब बोलण्याच्या मधे समोरचा नुसता 'हं, हं' करत असेल तर त्यासाठी परिच्छेद तोडू नका, वगळा किंवा कंसात टाका. 'हो का?' वेगळ्या ओळीवर घेतलं कारण त्याच्यामागे तिचं स्वतःचं म्हणणं आलंय.

ताडून बघणं

आता ती बाजूला ठेवलेली मूळ प्रत उघडा आणि शब्दाला शब्द लावून वाचा, मूळ प्रतीवर बोट, तुमच्या लिखाणावर डोळा. चिन्हं आणि लेबलं सोडली तर फरक फक्त तेवढेच असायला हवेत जे तुम्ही जाणूनबुजून केले, इथे 'विश्वास' चं 'श्वास', '[संगीत]' गेलं, 'मी सुद्धा' जोडलं, 'हात पाय' मधे छोटी आडवी रेघ आली. याहून वेगळा फरक सापडला तर तो टाइप करताना झालाय. सगळ्यात जास्त गळतात ते 'च', 'तर', 'पण' असे लहान शब्द, 'रोखायचाच' चं 'रोखायचा' झालं तर तिचा गैरसमज किती पक्का होता तेच निघून जातं.

मग लेबलं झाकून प्रत्येकाचं बोलणं वेगवेगळं, सलग वाचा, आधी सगळं प्रशिक्षकाचं, मग सगळं निवेदिकेचं. एखादं वाक्य चुकीच्या माणसाकडे गेलं असेल तर ते इथे खटकतं. समजा 'सगळेच करतात' निवेदिकेकडे राहिलं असतं तर तिचं वाचन 'मीसुद्धा हेच चुकीचं करते. सगळेच करतात.' असं झालं असतं, जे अशक्य नाही, पण मग तिला सगळ्यांचं कसं माहीत हा प्रश्न पडतो, आणि प्रशिक्षकाचं 'मी शिकवतो तेव्हा' एकदम कुठून आलं तेही कळत नाही.

सगळ्यात खाली दोन ओळींची नोंद लिहा, हा मजकूर ऑटो कॅप्शनच्या स्क्रीनशॉटवरून लिहिलाय, आवाज ऐकलेला नाही, आणि शंका कुठे आहे ती वेळेसकट, आपल्याकडे ४:२४ चा 'श्वास', ४:३१ चं 'नाही', ४:४४ ची '[संगीत]' ची जागा आणि ४:५१ चं 'बरोबर'. ज्याच्याकडे मूळ व्हिडिओ आहे तो त्या चार जागा ऐकून पाच मिनिटांत तुमचं काम पक्कं करून देऊ शकतो, म्हणूनच वेळा शेवटपर्यंत फेकायच्या नव्हत्या. नोंद झाली की मग मजकुरातल्या वेळा काढा.